फरक कुठून आला?

एप्रिल 2025 मधल्या दुसऱ्या रविवारी मी नाशिकला ताईकडे गेलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर पासबुकं, विम्याच्या पावत्या आणि बँकांच्या उताऱ्यांचा ढीग पडला होता. भावजी खासगी कंपनीत आहेत, ताई घरी शिकवण्या घेते. दोघांच्या मिळून चार बँका, एक पतसंस्था, पोस्टात एक पीपीएफ, सहा म्युच्युअल फंड, दोन विमा पॉलिसी, फ्लॅटचं कर्ज आणि गाडीचं कर्ज. भावजींचा प्रश्न सरळ होता. "वर्षभर हप्ते जातात, एसआयपी जाते, पीएफ कापला जातो. पण आपण नक्की पुढे चाललोय की जागच्या जागी आहोत, हे मला एका कागदावर बघायचंय."

मी गेली बावीस वर्षं एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघतो. व्यापाऱ्यांचे ताळेबंद रोजचेच. नोकरदार घराचा ताळेबंद मात्र कुणी मागत नाही, म्हणून तो बनतही नाही. खरं तर त्याचं गणित चौथीतल्या मुलाला येईल इतकं सोपं आहे. ठरावीक दिवशी आपल्या मालकीच्या वस्तूंची किंमत मांडायची, त्यातून त्या दिवशीची देणी वजा करायची. उरलं ते घराचं नेटवर्थ. अडचण वजाबाकीत नसते, प्रत्येक ओळीत कोणता आकडा धरायचा यात असते. आणि नुसत्या नेटवर्थने भावजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी दोन वर्षांची पत्रकं शेजारी ठेवावी लागतात आणि मधला फरक कुठून आला ते सोडवावं लागतं.

म्हणून आधी तारीख ठरवली. 31 मार्च घेण्याचं कारण फक्त आर्थिक वर्ष नाही. पीपीएफचं वर्षाचं व्याज त्याच दिवशी जमा होतं, कर्जाचे दाखले आणि बँकांचे व्याजाचे दाखले त्याच तारखेपर्यंतचे निघतात. ताईकडे गेल्या वर्षीचं पत्रक नव्हतं, पण त्याने अडत नाही. बँकेचा, पीपीएफचा आणि कर्जाचा जुना उतारा मागच्या कोणत्याही तारखेपर्यंतचा काढता येतो. आम्ही 31 मार्च 2024 आणि 31 मार्च 2025 असे दोन्ही दिवसांचे आकडे काढायला घेतले.

फंडांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागली. 31 मार्च 2024 रविवार होता. 31 मार्च 2025 ला ईदची सुट्टी होती, आदल्या दिवशी रविवार आणि गुढीपाडवा. दोन्ही वर्षी शेअर बाजाराचा शेवटचा दिवस 28 मार्च निघाला. तेव्हा फंडांची किंमत त्या दिवशीच्या एनएव्हीने धरली. अशा वेळी एसआयपीची तारीख महिनाअखेरची असेल तर बँकेतून पैसे गेलेले दिसतात आणि युनिट एप्रिलमध्ये मिळालेले. ती रक्कम दोन्हीकडून निसटते. ताईची एसआयपी 10 तारखेची आहे, त्यामुळे आमच्यापुढे हा प्रश्न आला नाही.

यादी आठवणीतून करू नये, असं मी पहिल्यांदाच सांगितलं. माणसाला रोजची खाती आठवतात, झोपलेली आठवत नाहीत. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर एआयएस नावाचं वार्षिक माहितीपत्रक मिळतं. कोणत्या बँकेने आपल्याला किती व्याज दिलं ते त्यात लिहिलेलं असतं. भावजींच्या एआयएसमध्ये एका जुन्या बँकेचं व्याज दिसलं. पहिल्या नोकरीच्या पगाराचं खातं होतं ते. त्यावर एक ठेव आपोआप पुन्हा पुन्हा गुंतत राहिली होती, 31 मार्च 2024 ला व्याजासह 85 हजारांची.

भावजी खूश झाले आणि त्यांनी ती रक्कम 2025 च्या रकान्यात लिहिली. मी त्यांना थांबवलं. ती ठेव या वर्षी झालेली नाही, फक्त या वर्षी सापडली. ती एकाच रकान्यात लिहिली असती तर वर्षभरात जवळपास लाखभर रुपयांची वाढ झाल्यासारखं दिसलं असतं, जी झालेलीच नाही. विसरलेली गोष्ट सापडली की ती मागच्या वर्षाच्या रकान्यातही त्या दिवशीच्या किमतीने भरायची. हे फक्त पहिल्याच वर्षी करायचं नाही. दहा वर्षांनी एखादं जुनं प्रमाणपत्र ट्रंकेत सापडलं तरीही हेच.

फंडांसाठी सीएएस, म्हणजे एकत्रित खातेउतारा मागवला. डिपॉझिटरीकडून येणारा उतारा पॅनवर बांधलेला असतो. त्यात डिमॅटमधले शेअर आणि सगळ्या कंपन्यांचे फंड एकत्र येतात. फंडांच्या रजिस्ट्रारकडून ईमेलवर मागवलेला उतारा मात्र त्या ईमेलला जोडलेले फोलिओच दाखवतो, आणि ताईचा एक फोलिओ जुन्या ईमेलवर होता. त्यातून उलट चूकही झाली. भावजींनी मोबाइलवरच्या अॅपमधली बेरीज एका ओळीत लिहिली आणि उताऱ्याची बेरीज दुसऱ्या ओळीत. पैसे तेच, फक्त दोन खिडक्यांतून दिसत होते. अॅप बाजूला ठेवलं आणि उतारा हाच आधार धरला.

पुढे चार ओळींवर आमचा बराच वेळ गेला. या चारही ठिकाणी बहुतेक घरं चुकतात, म्हणून त्या सविस्तर सांगतो.

पहिली ओळ गृहकर्जाची. भावजींनी मनातल्या मनात हिशेब केला होता. हप्ता 22 हजार, उरलेले हप्ते 158, म्हणून देणं 34 लाख 76 हजार. हा आकडा बघून माणूस खचतो, आणि तो चुकीचा आहे. त्यात पुढच्या तेरा वर्षांचं व्याज मिळवलेलं आहे, आणि ते अजून चढलेलंच नाही. आज बँकेत जाऊन सगळं कर्ज फेडायचं म्हटलं तर जी मुद्दल बाकी भरावी लागेल, तेच आजचं देणं. कर्जाच्या उताऱ्यावर 31 मार्च 2025 ची मुद्दल बाकी 20 लाख 60 हजार होती. वर्षापूर्वी ती 21 लाख 40 हजार होती. वर्षभरात भरले 2 लाख 64 हजार, त्यातले 1 लाख 84 हजार व्याजात गेले आणि मुद्दल 80 हजारांनी कमी झाली. ताईने तो उतारा दोनदा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे बारा हप्त्यांतले जवळजवळ चार हप्तेच आपल्या घरासाठी गेले."

दुसरी ओळ विम्याची. पॉलिसीवर दहा लाख लिहिलेले होते आणि यादीतही दहा लाखच आले होते. ती विमा रक्कम आहे, माणूस गेल्यावर किंवा मुदत संपल्यावर मिळणारी. आज पॉलिसी बंद केली तर कंपनी जे देईल ते सरेंडर मूल्य, आणि पत्रकात तेच येतं. पोर्टलवर किंवा शाखेत विचारलं की ते मिळतं. दोन्ही पॉलिसी मिळून ते 3 लाख 52 हजार निघालं. गेल्या वर्षी 3 लाख 10 हजार होतं. वर्षाचा हप्ता 48 हजार भरला आणि मूल्य वाढलं 42 हजारांनी. हे 6 हजार विम्याच्या संरक्षणाची किंमत म्हणून समजून घ्यायचे. नुसता टर्म विमा असता तर मालमत्तेत शून्य धरला असता, आणि त्यात गैर काही नाही.

तिसरी ओळ पीएफची. इथे पासबुकावर विसंबता येत नाही. वर्षाचं व्याज 31 मार्चला पासबुकात दिसत नाही, ते पुढे काही महिन्यांनी चढतं. मार्च महिन्याचा भरणाही कंपनी 15 एप्रिलपर्यंत करते. पण कमाई त्या वर्षाचीच आहे. म्हणून ती स्वतः काढून मिळवावी लागते. 2024-25 साठी दर सव्वाआठ टक्के, म्हणजे 8.25. भावजींची वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, आधीच्या वर्षाच्या व्याजासह, 12 लाख 40 हजार. वर्षात भरणा 1 लाख 15 हजार आणि व्याज सुमारे 1 लाख 7 हजार. मिळून 14 लाख 62 हजार. एका वर्षी व्याज धरलं आणि दुसऱ्या वर्षी धरलं नाही, तर लाखभर रुपयांचा खोटा खड्डा किंवा खोटा उंचवटा दिसतो. कंपनीच्या वाट्यातून दरमहा 1,250 रुपये पेन्शन योजनेत जातात. ते मी मोजले नाहीत, कारण त्यातून पुढे मासिक पेन्शन मिळायचं आहे, आज हातात घेता येईल अशी शिल्लक ती नाही.

चौथी ओळ क्रेडिट कार्डाची. मार्चचं बिल 24 हजारांचं होतं, तेवढंच देणं म्हणून लिहिलं होतं. पण दिवाळीत 60 हजारांचा फ्रिज आणि वॉशिंग मशीन कार्डावर घेऊन बारा हप्ते करून घेतले होते. त्यातले चार भरून झाले होते. उरलेले सुमारे 40 हजार बिलाच्या मुख्य रकमेत दिसत नाहीत. उताऱ्यात खाली, चालू हप्त्यांच्या वेगळ्या चौकटीत ते असतात. एकूण देणं 64 हजार झालं.

आता ज्यांना पासबुकच नसतं अशा गोष्टी, म्हणजे सोनं, घर आणि गाडी. इथे अचूक किंमत मिळत नाही, म्हणून एक नियम ठरवायचा आणि दरवर्षी तोच पाळायचा. सोन्याला सराफाच्या फळ्यावरचा भाव नको, मोडीला मिळेल तो भाव हवा. घडणावळ परत मिळत नाही आणि खड्यांचं वजन वजा होतं. ताईकडे निव्वळ बारा तोळे, 22 कॅरेट. मार्च 2024 अखेरीस शुद्ध सोनं तोळ्याला साधारण 67 हजारांवर होतं, मार्च 2025 अखेरीस साधारण 89 हजारांवर. बावीस कॅरेटच्या मोडीसाठी आम्ही 60 हजार आणि 80 हजार धरले. किंमत 7 लाख 20 हजारांवरून 9 लाख 60 हजार झाली. गाडीची किंमत दरवर्षी 15 टक्क्यांनी उतरवायची ठरवली.

फ्लॅटवर वाद झाला. भावजींचं म्हणणं, शेजारच्या इमारतीतला तसाच फ्लॅट 62 लाखांना गेला, मग आपला 45 लाखांना का धरायचा? माझं मत मी ठामपणे सांगितलं. 45 लाख ही खरेदीची किंमत आहे, कागदावर आहे. 62 लाख ही ऐकीव किंमत आहे. राहतं घर विकायचं नाही, त्यामुळे ती खरी की खोटी हे कधी कळणारही नाही. या ओळीत पाच टक्के वाढ लिहिली तरी सव्वादोन लाख येतात आणि बाकी सगळ्या वर्षाची धडपड त्याखाली झाकली जाते. रेडी रेकनरचा दर घेता येतो, पण सरकार तो मनाला येईल तेव्हा बदलतं. 2022 नंतर तीन वर्षं तो स्थिर राहिला आणि 1 एप्रिल 2025 पासून वाढला. अशा दराने घराची वाढ एकाच वर्षात उडी मारून येते. विकायच्या, वाटणीच्या किंवा कर्ज काढायच्या वेळी बाजारभाव काढावाच. दरवर्षीच्या तुलनेसाठी राहतं घर खरेदीच्या किमतीवर ठेवलेलं मला योग्य वाटतं.

हे सगळं बसवल्यावर पहिली बेरीज झाली. नेटवर्थ 70 लाख 14 हजारांवरून 79 लाख 6 हजार. वाढ 8 लाख 92 हजार. भावजींचा चेहरा उजळला. मी म्हटलं, "थांबा, अजून पडताळा राहिलाय."

पडताळ्यासाठी वाढीची फोड लागते. मी कागदावर प्रत्येक ओळीपुढे अजून दोन रकाने काढले. एकात आपण त्या वर्षी किती पैसे घातले, दुसऱ्यात उरलेला फरक, म्हणजे व्याजाने किंवा भावाने आपोआप झालेला. संगणकावर करणाऱ्यांसाठी: `B` मध्ये मागचं वर्ष, `C` मध्ये हे वर्ष, `D` मध्ये आपण घातलेली रक्कम, आणि `E` मध्ये

```
=C2-B2-D2
```

देणी उणे चिन्हाने लिहिली की हेच सूत्र कर्जालाही चालतं. फक्त कर्जाच्या ओळीत `D` मध्ये पूर्ण हप्ता लिहायचा नाही, मुद्दल किती फिटली तेवढंच लिहायचं. व्याज हा खर्च आहे, तो किराणा आणि वीजबिलाच्या जोडीला बसतो.

एक उदाहरण घ्या. फंडांची किंमत 8 लाख 90 हजारांवरून 11 लाख 8 हजार झाली. वाढ 2 लाख 18 हजार. यात 1 लाख 80 हजार तर एसआयपीचेच, बाजाराने दिले फक्त 38 हजार. फंडाची किंमत वर चढताना बघून भावजींना वाटत होतं की बाजार छान चालला आहे. त्या वर्षी चालत होती ती त्यांची महिन्याची पंधरा हजारांची शिस्त.

सगळ्या ओळींतली "आपण घातलेली" रक्कम मिळवली तर 4 लाख 98 हजार आली. आता दुसऱ्या बाजूने बघू. भावजींचा हातात येणारा पगार वर्षाला 9 लाख 60 हजार, ताईच्या शिकवण्यांचे 1 लाख 80 हजार, पीएफमध्ये परस्पर जाणारे 1 लाख 15 हजार. एकूण 12 लाख 55 हजार. यातून साठवलेले 4 लाख 98 हजार गेले तर खर्च झाला 7 लाख 57 हजार. त्यात दोन्ही कर्जांचं व्याज 2 लाख 10 हजार, फ्रिज आणि मशीन 60 हजार, मे महिन्यातली केरळची सहल 85 हजार. उरले 4 लाख 2 हजार, म्हणजे घरखर्च महिन्याला साडेतेहतीस हजार.

ताई लगेच म्हणाली, "शक्य नाही. माझी वही आहे. शाळेची फी, दूध, किराणा, सगळं धरून महिन्याला तीस हजारांच्या आसपास बसतं." तिची वही महिन्याच्या महिन्याला लिहिलेली, जिथल्या तिथे बेरजा केलेल्या. माझा तिच्या वहीवर बँकेच्या उताऱ्यापेक्षा जास्त विश्वास बसला. महिन्याला साडेतीन हजार, वर्षाला 42 हजार. इतके पैसे घरातून गेले, खर्चात नाहीत आणि मालमत्तेतही नाहीत.

अशा वेळी मी थकबाकी शोधतो तसा एकेक महिन्याचा उतारा उघडतो आणि नेहमीपेक्षा मोठ्या रकमा बघतो. सप्टेंबरच्या उताऱ्यात यूपीआयने गेलेले 40 हजार दिसले. भावजी क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "हे धाकट्याला दिलेत. दवाखान्यात ॲडमिट होता तेव्हा. उसने." धाकटा म्हणजे त्यांचा चुलत भाऊ. ताईला हे माहीत होतं, पण यादीत लिहायचं कुणाला सुचलं नाही, कारण त्याचं पासबुक नाही, ॲप नाही.

उसने दिलेले पैसे मालमत्तेत धरायचे का, हा प्रश्न नाजूक असतो. मी घरच्यांना एकच विचारतो: तो पैसे परत करेल, असं तुम्हाला मनापासून वाटतं का? वाटत असेल तर धरा. शंका असेल तर त्याच वर्षी खर्चात टाका, म्हणजे कागदावर खोटी आशा राहत नाही आणि नात्यातही कडवटपणा येत नाही. भावजी म्हणाले, तो दिवाळीपर्यंत देईल, त्याने स्वतःहून सांगितलंय. आम्ही ते धरले. पत्रक असं झालं, आकडे हजार रुपयांत:

| बाब | 31 मार्च 2024 | 31 मार्च 2025 |
|---|---|---|
| बचत खाती | 142 | 118 |
| मुदत ठेवी, साठलेल्या व्याजासह | 520 | 556 |
| पीपीएफ | 680 | 791 |
| पीएफ, वर्षाच्या व्याजासह | 1,240 | 1,462 |
| म्युच्युअल फंड | 890 | 1,108 |
| विम्याचं सरेंडर मूल्य | 310 | 352 |
| सोनं | 720 | 960 |
| फ्लॅट, खरेदी किमतीने | 4,500 | 4,500 |
| गाडी | 480 | 408 |
| उसने दिलेले | 0 | 40 |
| एकूण मालमत्ता | 9,482 | 10,295 |
| गृहकर्ज | 2,140 | 2,060 |
| गाडीचं कर्ज | 310 | 225 |
| क्रेडिट कार्ड | 18 | 64 |
| एकूण देणी | 2,468 | 2,349 |
| नेटवर्थ | 7,014 | 7,946 |

वाढ 9 लाख 32 हजार. आता ती कुठून आली ते सांगता येतं. भावांनी दिले 2 लाख 78 हजार, त्यातले 2 लाख 40 हजार एकट्या सोन्याने. ठेवी, पीपीएफ आणि पीएफच्या व्याजाने 1 लाख 94 हजार. गाडी जुनी झाल्याने आणि विम्यात मिळून 78 हजार गेले. उरलेले 5 लाख 38 हजार घराने स्वतः साठवले किंवा फेडले.

सोन्याच्या अडीच लाखांकडे भावजींनी अभिमानाने बोट दाखवलं. ताई म्हणाली, ती माझी पाटली आणि मंगळसूत्र आहे, ती काही मोडायची नाहीत. तिचं म्हणणं मला पटतं. सोन्याचा भाव ज्या वर्षी तीस टक्क्यांनी वाढतो त्या वर्षी नेटवर्थ सगळ्यांचंच फुगतं, आणि ज्या वर्षी तो उतरेल त्या वर्षी घराची चूक नसताना ते घटेल. म्हणूनच मी भावाची वाढ वेगळी काढतो. ती पुसायची नाही, पण तिच्या जोरावर पुढच्या वर्षाचा खर्चही ठरवायचा नाही.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट 5 लाख 38 हजारांच्या आत होती, म्हणून तेही सोडवलं. पीएफचा भरणा 1 लाख 15 हजार, त्यात 65 हजार भावजींच्या पगारातून आणि 50 हजार कंपनीचे. एसआयपी 1 लाख 80 हजार. पीपीएफ 60 हजार, दरमहा 5 हजार आणि तेही 5 तारखेच्या आत, कारण त्या महिन्याचं व्याज 5 तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिल्लकेवर मिळतं. विम्याचा हप्ता 48 हजार. दोन्ही कर्जांची मुद्दल 80 आणि 85 हजार. एकूण 5 लाख 68 हजार, म्हणजे 5 लाख 38 हजारांपेक्षा 30 हजार जास्त.

ते 30 हजार हातात राहणाऱ्या पैशातून गेले होते. बचत खात्यांत 24 हजार कमी झाले, कार्डाचं देणं 46 हजारांनी वाढलं, आणि 40 हजार धाकट्याकडे आहेत. या घरात जे काही वाढतं ते सगळं परस्पर कापलं जातं आणि मग वाढतं. जे रोज हाताने सांभाळायचं असतं ते त्या वर्षी आटलं होतं. पासबुकं वेगवेगळी बघितली असती तर हे कधीच दिसलं नसतं. बचत खात्यातले 24 हजार कुणाच्या लक्षात आले नसते, आणि कार्डाचे 40 हजार तर दिसणाऱ्या बिलातही नव्हते.

भावजी बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. म्हणाले, "एसआयपी वाढवायचा विचार करत होतो, दोन हजारांनी."

"आधी कार्डाचे आठ हप्ते संपू द्या," ताई म्हणाली.

पत्रकात एक मर्यादा राहिली, ती मी तळाला लिहून ठेवली. फंडावरचा नफा अजून नफा म्हणून हातात आलेला नाही, विकताना त्यावर कर लागेल. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कमी मिळेल. पीएफ आणि पीपीएफ काढायला अटी आहेत. त्यामुळे 79 लाख 46 हजार म्हणजे उद्या गोळा करता येणारी रक्कम नव्हे. अडीअडचणीला चटकन हाताशी येतील ते बचत खाती आणि ठेवींचे 6 लाख 74 हजार.

संध्याकाळी निघताना ताईने शिकवणीच्या वह्यांतली एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर नियम लिहिले: तारीख 31 मार्च. फंड शेवटच्या बाजाराच्या दिवशीच्या एनएव्हीने. पीएफमध्ये वर्षाचं व्याज धरून. विमा सरेंडर मूल्याने. सोनं मोडीच्या भावाने, 12 तोळे. फ्लॅट 45 लाख. गाडी 15 टक्के घट. कर्ज मुद्दल बाकीने. कार्डावर चालू हप्ते बघणे. उसने दिलेले विचारणे. दुसऱ्या पानावर तिने 2025 चा रकाना उतरवला आणि शेजारी 2026 साठी जागा सोडली.

पडताळ्यात 42 हजारांतले 40 सापडले, 2 हजार सापडले नाहीत. मी ते कुठेही मुरवले नाहीत. शेवटच्या ओळीत लाल पेनाने लिहिलं: जुळत नाही, 2 हजार.